‘होऊ शकतो’ आणि ‘होत असावा’: तणनाशकावरच्या एका पत्रकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शेतकऱ्यांचा गट दर पावसाळ्यात एक पानी माहितीपत्रक काढतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मजकूर लिहायचं काम माझ्याकडे असतं. छपाई तालुक्याला होते, साडेतीनशे प्रती निघतात, आणि त्या कृषी सेवा केंद्रांत, दूध संकलनाच्या ठिकाणी, ग्रामपंचायतीत ठेवल्या जातात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कोणीतरी वाचून दाखवतं, आणि बहुतेक वेळा त्यातली एक-दोन वाक्यंच लक्षात राहतात.

हे प्रकरण २०१९ च्या खरिपातलं. त्याआधी दोन वर्षं, २०१७ मध्ये, याच जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली होती. त्यामुळे औषध या विषयावर गावात काहीही लिहिलं की माणसं कान देऊन ऐकत. त्या वर्षी गटाने ठरवलं की पत्रक तणनाशकावर काढायचं. मजूर मिळेनात, निंदणाचा खर्च परवडेना, आणि धुऱ्यावर, बांधावर, कधी ओळींच्या मधेही ग्लायफोसेटचा वापर वाढत चालला होता.

काय छापलं गेलं

माझ्या हाताशी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष होता. फ्रान्समधल्या लिऑनच्या या संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘२ अ’ गटात टाकलं. त्या गटाच्या नावाचं नीट मराठी करायचं तर असं होईल: माणसात बहुधा कर्करोग निर्माण करणारे.

मी छापलं: ‘जागतिक आरोग्य संघटनेने ग्लायफोसेटला कर्करोगकारक ठरवले आहे. या औषधाने कर्करोग होऊ शकतो.’

पहिल्या वाक्यातून ‘बहुधा’ मी जाणूनबुजून काढला. जागा कमी होती हे खरं, पण कारण ते नव्हतं. शब्द ठेवला तर लोक म्हणतील ‘म्हणजे पक्कं नाही ना’, आणि पंप पाठीवर घेऊन चालू लागतील, अशी भीती होती. दुसऱ्या वाक्यात मात्र मला वाटलं होतं की सावधपणा शाबूत आहे, कारण मी ‘होतो’ न लिहिता ‘होऊ शकतो’ लिहिलं होतं. खरी चूक तिथेच होती, आणि ती माझ्या फार उशिरा लक्षात आली.

समस्या कशी समोर आली

जुलैच्या शेवटी गटातला एक शेतकरी, चाळिशीचा, प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयात पाठवला गेला. पंपाच्या टाकीची वायसर गळत होती. औषध शर्टातून पाठीवर झिरपत राहिलं आणि त्याने दोन एकर संपेपर्यंत शर्ट बदलला नाही. पाठीवर भाजल्यासारखा पट्टा उठला होता. रुग्णालयात त्याला काही दिवस देखरेखीखाली ठेवलं, छाती आणि किडनीकडे लक्ष ठेवलं. तो बरा होऊन घरी आला.

ते औषध ग्लायफोसेट नव्हतं, पॅराक्वाट होतं. पॅराक्वाट म्हणजे लावलं की एक-दोन दिवसांत गवत करपवणारं. पोटात थोडंसं गेलं तरी ते जीव घेतं, फुप्फुस कायमचं बिघडवतं, आणि त्यावर खास उतारा नाही. कातडी फाटलेली असेल किंवा ओलं कापड बराच वेळ अंगाला चिकटून राहिलं तर ते अंगातही शिरतं.

मी त्याला भेटायला गेलो. तो म्हणाला, ‘सर, तुमी लिहिलं ना त्याच्यानं कॅन्सर होते म्हनून. मी ते बंद केलं. दुकानात म्हटलं, कॅन्सर नाई असं द्या. याच्यावर कॅन्सर लिहिलेलं नाई.’

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पॅराक्वाटच्या लेबलवर विषाचं चिन्ह होतं, पण ‘कर्करोग’ हा शब्द नव्हता. माझ्या पत्रकाने त्याला एकच प्रश्न शिकवला होता: कर्करोग होतो की नाही. त्या प्रश्नावर पॅराक्वाट पास झालं.

मूळ वाक्यात काय होतं

मी परत मूळ निष्कर्षाकडे गेलो आणि या वेळी त्यातला एकेक सावध शब्द वेगळा काढून वाचला. तिथे पुराव्याचे तीन पदर वेगवेगळे दिले आहेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांतला पुरावा ‘पुरेसा’ म्हटला आहे. पेशींमध्ये काय घडतं, याचा पुरावा ‘सबळ’. आणि माणसांतला पुरावा ‘मर्यादित’, तोही लसिकाग्रंथींच्या एका प्रकारच्या कर्करोगापुरता.

‘मर्यादित’ हा शब्द तिथे बोलण्याच्या ओघात आलेला नाही. संस्थेने त्याचा अर्थ नेमून दिला आहे. संबंध दिसतो आणि तो कारणाचा असण्याचं स्पष्टीकरण पटण्याजोगं आहे, पण योगायोग, निरीक्षणातला कल किंवा दुसरंच एखादं कारण वाजवी खात्रीने बाजूला सारता येत नाही. आमच्याकडचं उदाहरण घेतलं तर हे लगेच समजतं. ज्याच्या पाठीवर तणनाशकाचा पंप असतो, त्याच्याच पाठीवर, त्याच पंपातून, त्याच हंगामात तीन-चार कीटकनाशकंही जातात. पुढे त्याला आजार झाला तर कोणत्या औषधाने झाला, हे फक्त ‘फवारणी करणारा’ आणि ‘न करणारा’ अशी तुलना करून कळत नाही. ‘मर्यादित’ हा शब्द त्या न सुटलेल्या गुंत्याची खूण आहे.

दुसरी गोष्ट. ‘बहुधा’ हे पुरावा किती पक्का आहे याचं माप आहे. आजार किती जणांना होईल, किती औषधाने होईल, याबद्दल ते काहीच सांगत नाही. संस्था स्वतः हे स्पष्ट करते: गट म्हणजे पुराव्याची ताकद, धोक्याचा आकार नव्हे. लाल मांसही याच ‘२ अ’ गटात आहे. तंबाखू आणि सुपारी पहिल्या गटात आहेत, म्हणजे तिथे ‘बहुधा’ लागतच नाही. आमच्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात धरून माझं पत्रक वाचणारी माणसं होती.

‘शकतो’ची अडचण

हा भाग सर्वात उपयोगाचा वाटतो, म्हणून इथे थांबतो.

इंग्रजी संशोधनात दोन वेगळी क्रियापदं येतात. एकाने म्हणायचं असतं की या गोष्टीत हे घडवायची ताकद आहे, ते सिद्ध झालेलं आहे, प्रत्येक वेळी घडेलच असं नाही इतकंच. दुसऱ्याने म्हणायचं असतं की असं घडतं की नाही हेच अजून ठरलेलं नाही. मराठीत आपण दोन्हींसाठी ‘शकतो’ वापरतो. ‘विजेच्या तारेला हात लावला तर माणूस मरू शकतो’ यात माहितीबद्दल शंका नाही. ‘या औषधाने कर्करोग होऊ शकतो’ हे वाक्यही त्याच साच्यात बसतं, म्हणून ऐकणाऱ्याला तेवढंच पक्कं वाटतं.

मराठीत दुसरी सोय आहे, आणि ती रोजच्या बोलण्यातली आहे. ‘पाऊस आला असावा, रस्ता ओला दिसते.’ ‘असावा’ म्हणताना बोलणारा सांगतो की मी पाहिलं नाही, खुणेवरून अंदाज बांधतोय. शास्त्रज्ञाचं ‘बहुधा’ आणि ‘सूचित होते’ नेमकं हेच म्हणतं. ‘सूचित होते’चं ‘दिसून आले’ किंवा ‘सिद्ध झाले’ असं भाषांतर केलं की अंदाजाची साक्ष होते.

कोणते पर्याय समोर होते

ऑगस्टच्या बैठकीत चार मतं निघाली. एक, पुढच्या अंकात गुपचूप बरोबर वाक्य छापावं, जुन्याचा उल्लेख नको. दोन, औषधावर लिहिणंच बंद करावं, खतावर लिहावं. तिसरं मत गावातल्या एका दुकानदाराचं होतं, आणि त्याने ते तयारीने मांडलं. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनात ५४,२५१ फवारणी करणाऱ्यांचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, त्यात ग्लायफोसेट आणि कर्करोगाचा संबंध नाही असं सिद्ध झालं. तेव्हा आधीचं पत्रक चूक होतं असं स्पष्ट छापा. शिवाय मटणही त्याच गटात आहे, मग मटण सोडता का?

तो खोटं बोलत नव्हता. पण त्याने माझीच चूक उलट्या दिशेने केली होती. त्या अभ्यासातलं वाक्य ‘संबंध दिसला नाही’ असं आहे. ‘संबंध नाही’ हे त्याहून मोठं विधान आहे. त्याच अभ्यासात सर्वाधिक वापर करणाऱ्यांत रक्ताच्या एका कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं, पण ती वाढ योगायोगानेही आली असेल इतकी अनिश्चित होती, आणि लेखकांनी तसं लिहिलं. आणि ती माणसं अमेरिकेतली परवानाधारक फवारणी करणारी. गळक्या पंपाने, अनवाणी, एकाच शर्टात दिवस काढणाऱ्या आमच्या माणसांचा अभ्यास तो नव्हता. मटणाच्या प्रश्नाला उत्तर एवढंच: गट एक असणं म्हणजे पुराव्याची पायरी एक असणं. त्यावरून दोन्हींचा धोका सारखा मोठा ठरत नाही, सारखा लहानही ठरत नाही.

चौथा पर्याय म्हणजे चूक नाव घेऊन मान्य करायची आणि सावध शब्द ठेवून पूर्ण मजकूर पुन्हा लिहायचा. मला हाच हवा होता, पण आक्षेप रास्त होते. एका ज्येष्ठ सभासदाने विचारलं, ‘मास्तर, एकदा होते म्हटलं, आता होत असंन म्हनता. तिसऱ्यांदा काय म्हनाल? लोक तुमचं वाचतील काहून?’ पत गमावण्याची भीती खरी होती. पण पाठ भाजलेला माणूस त्याच बैठकीत बसला होता. पहिला पर्याय त्याच्यासमोर कोणी रेटला नाही.

काय केलं

मसुदा छापण्याआधी पाच जणांना वाचून दाखवायचं ठरवलं: दोन मजूर बाया, एक सालदार, एक शेतकरी, आणि दुकानात काम करणारा पोरगा. अट एकच. ‘समजलं का’ असं विचारायचं नाही. ‘घरी जाऊन काय सांगाल ते सांगा’ असं म्हणायचं.

पहिल्या मसुद्यात मी ‘बहुधा’ परत आणला होता, पण क्रियापद तेच ठेवलं होतं: ‘बहुधा कर्करोग होऊ शकतो.’ तिघांनी सांगितलं, कर्करोग होतो, पण सगळ्याईले नाही, एखाद्याले होतो. म्हणजे त्यांनी ‘बहुधा’ पुराव्याला न लावता माणसांच्या संख्येला लावला. शब्द छापला गेला होता, पण चुकीच्या जागी बसला. सावध शब्द नुसता ठेवून भागत नाही, तो कशाबद्दल सावध आहे हे वाक्यातच यावं लागतं, हे मला तिथे कळलं.

दुसरा मसुदा असा झाला:

‘ग्लायफोसेटने माणसाला कर्करोग होत असावा, असा अंदाज शास्त्रज्ञांच्या एका गटाने २०१५ मध्ये बांधला. प्राण्यांत तसा पुरावा मिळाला. माणसांत मिळालेला पुरावा मर्यादित आहे, म्हणून ते खात्रीने सांगत नाहीत. इतर काही सरकारी संस्थांनी असा धोका असण्याची शक्यता कमी मानली आहे. किती वापराने किती जणांना होईल, हे या अंदाजात सांगितलेलं नाही.’

या वेळी मजूर बाईंपैकी थोरल्या काकू म्हणाल्या, ‘त्याईलेच अजून पक्कं माईत नाई. पन शंका हाये.’ मला हवं होतं ते हेच. पण लगेच त्यांनी विचारलं, ‘मग आमी काय करू?’ मसुद्यात त्याचं उत्तर नव्हतं.

म्हणून खाली एक वेगळा परिच्छेद जोडला, आणि त्यात एकही ‘असावा’ ठेवला नाही, कारण त्यातल्या गोष्टींना शंका नव्हती. पॅराक्वाट थोडंसं पोटात गेलं तरी माणूस मरतो आणि त्यावर उतारा नाही. ते थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका. गळका पंप पाठीवर घेऊ नका. अंगावर सांडलं तर कपडे लगेच काढा, साबणाने धुवा, दवाखान्यात जाताना डबा किंवा लेबल सोबत न्या. आणि शेवटी: ‘मागच्या पत्रकात आम्ही “कर्करोगकारक ठरवले” असं लिहिलं होतं. ते बरोबर नव्हतं. त्यामुळे एकाने जास्त विषारी औषध वापरलं आणि तो आजारी पडला.’ हे छापायला त्याची परवानगी घेतली. नाव त्याने नको म्हटलं.

पत्रक नुसतं वाटलं नाही. दोन शनिवार ग्रामपंचायतीसमोर वाचलं, आणि दरवेळी ऐकणाऱ्यांपैकी कोणाला तरी आपल्या शब्दांत परत सांगायला लावलं.

परिणाम

गळक्या पंपाचा मुद्दा सर्वात लवकर पोहोचला. पंधरवड्यात गटाने मिळून वायसर आणि नळ्या आणल्या. पॅराक्वाटची विक्री दुकानात चालूच राहिली, पण दोन घरांनी बाटल्या घरातून काढून गोठ्याच्या वरच्या फळीवर कुलपात ठेवल्याचं मी स्वतः पाहिलं. तिघांनी त्या वर्षी धुऱ्यावर विळा आणि ओळीत डवरा चालवला. त्यातल्या एकाने स्पष्ट सांगितलं की मजूर मिळाले म्हणून, पत्रकामुळे नाही.

‘असावा’ सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही. काही जणांसाठी निष्कर्ष ‘मास्तरनं शब्द मागं घेतला, म्हणजे औषध चांगलं’ असा झाला. हे मला अपेक्षित होतं, तरी ऐकताना जड गेलं. त्यांना मी दोन वेगळी वाक्यं सांगत राहिलो: कर्करोगाचं पक्कं नाही, अंगावर घेऊ नका हे पक्कं आहे. पहिल्यातली शंका दुसऱ्याला लागत नाही. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करायचा असं बंधन घातलं, तेव्हा काहींनी मला येऊन सांगितलं, ‘पाहा, पहिलंच बरोबर होतं.’ सरकारचं बंधन आणि कर्करोगाचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंधन घालायला पूर्ण खात्री लागत नाही, वाजवी शंका पुरते. माझ्या पहिल्या वाक्यात मात्र खात्री लिहिली होती.

निर्णयाच्या जागा, आणि आता वेगळं काय करतो

पहिली जागा ‘बहुधा’ खोडण्याची. तेव्हा मी वाचकाला वाचवतोय असं समजत होतो, पण त्याच्या वतीने धोक्याची निवड करून टाकली होती. शब्द ठेवला असता तर त्या शेतकऱ्याने कदाचित विचारलं असतं की मग दुसऱ्या औषधांचं काय.

दुसरी जागा एकाच औषधावर लिहिण्याची, आणि मला ती पहिलीपेक्षा मोठी वाटते. ‘हे वापरू नका’ लिहिलं की वाचक त्याच्या जागी काय घेणार, हा प्रश्न लिहिणाऱ्याचाही असतो. दुकानाच्या फळीवर शेजारी काय उभं आहे, हे पाहायला मला दहा मिनिटं लागली असती.

तिसरी जागा पडताळणीची. पाच माणसांची चाचणी पहिल्या पत्रकाच्या वेळीही जमली असती. त्याला एक संध्याकाळ लागते.

आता मसुदा लिहिताना मी समासात प्रत्येक विधानापुढे एक अक्षर लिहितो. पाहिलेल्या गोष्टीला ‘आ’, म्हणजे आहे. अंदाजाला ‘अ’, म्हणजे असावा. आणि ज्याच्यात ताकद सिद्ध आहे पण दरवेळी घडत नाही, त्याला ‘श’. ‘श’ लिहिताना हात थांबतो आणि मूळ वाक्य पुन्हा उघडावं लागतं. गेल्या पत्रकात अशा सात जागा निघाल्या, त्यातल्या चार ‘अ’ करायला लागल्या.

जुन्या पत्रकाचा फोटो मात्र अजून मोबाइलवर फिरतो. दर जूनमध्ये कोणीतरी तो मला पाठवतो आणि विचारतो, हे खरं का? मी त्याला दुसऱ्या पत्रकाचा फोटो पाठवतो आणि संध्याकाळी फोन करून विचारतो, वाचून काय समजलं ते सांगा.